मिक्सरची चौथी तक्रार

माझी थोरली जाऊ पत्र सांगते आणि मी लिहिते, हे आमच्या घरात मी लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे नव्वदच्या दशकापासून चालत आलंय. मी बारावी पास, ती चौथी. पण सांगताना आव असा की जणू मी तिची टायपिस्ट आणि ती कलेक्टर. तिला मी आक्का म्हणते. आक्काच्या नावावर मी ग्रामपंचायतीला नळाबद्दल लिहिलंय, शाळेला खिचडीबद्दल लिहिलंय, एकदा तर तिच्या सख्ख्या भावाला न आलेल्या साडीबद्दल लिहिलंय. पण मिक्सरच्या तक्रारीनं माझा जीव नको नको केला. ती एकच तक्रार मी चार वेळा लिहिली.

झालं असं की आक्का शेंगदाण्याची चटणी करून विकायची. सोनईपासून थोडं आत आमची वस्ती, आणि शिंगणापूरच्या रस्त्यावर एक ओळखीचा दुकानदार. त्याच्याकडं येणाऱ्या भाविकांना आक्काची चटणी अशी काही आवडली की तो आठवड्याला दहा किलो मागायला लागला. उखळात दहा किलो कुटून आक्काचा खांदा गेला. मग तिनं चटणीच्याच पैशांतून मोठा मिक्सर घ्यायचं ठरवलं. माझ्या मोबाईलवर एका कंपनीची जाहिरात दिसली, सोनईच्या दुकानापेक्षा आठशे रुपयांनी स्वस्त. आमचे थोरले दीर, म्हणजे आक्काचे मालक, म्हणाले, न बघता घेतलेली वस्तू म्हणजे पैसे पाण्यात. आक्कानं ऐकलं नाही. तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं की हे पैसे बुडाले तर चटणी बंद, गपचूप शेतात यायचं. आक्का बरं म्हणाली. बरं म्हणायची तिची एक पद्धत आहे, समोरच्याला वाटतं आपण जिंकलो.

ऑर्डर माझ्या मोबाईलवरून केली. आगाऊ पैसे भरले तर दोनशे रुपये सूट होती. माझ्या फोनवर पैसे पाठवायची सोय नव्हती, आक्काचा फोन तर बटणांचा. म्हणून आक्कानं चार हजार दोनशे रोख मोजून दिरांच्या हातात ठेवले, आणि दिरांनी माझ्या स्क्रीनवरचा तो चौकोनी कोड आपल्या फोननं स्कॅन करून पैसे भरले. नोटा खिशात घालताना तेवढे ते खूश होते.

मिक्सर आला. भांड्याच्या तळाला केसाएवढी चीर. दाणे घातले की कूट ओट्यावर. आम्ही परत देण्याचा फॉर्म भरला, त्यात बँक खातं मागितलं होतं, तिथं आक्काचं खातं टाकलं. कुरिअरवाला येऊन खोकं घेऊन गेला, पावती देऊन गेला. सात ते दहा कामाच्या दिवसांत पैसे मिळतील असा मेसेज आला. आक्का दर सोमवारी सोनईच्या बँकेत जाऊन पासबुक छापून आणायला लागली. पाच सोमवार झाले. पासबुकात व्याजाचे अकरा रुपये आले, कंपनीचे काही आले नाहीत.

इकडं जेवायला बसलं की दीर रोज विचारायचे, आले का गं तुझ्या मिक्सरचे पैसे घरला? आणि स्वतःच हसायचे. दुकानदार चटणीसाठी निरोप धाडत होता. आक्काचा उजवा हात खांद्यापासून वर जात नव्हता.

पहिली तक्रार आक्कानं एका दमात सांगितली. मेल्यांनो, मुडदा बशिवला तुमचा, बाईमाणसाच्या घामाचे पैसे खाताना तोंडाला फेस कसा येत न्हाई. मी म्हटलं, आक्का, हे कंपनीला लिहायचंय, चुलत सासूला नाही. तर म्हणाली, चोर तो चोर, त्याला काय वेगळी भाषा हाय का? मी लिहिलं. खरं सांगते, लिहिताना मलाही बरं वाटलं. तासाभरात उत्तर आलं की कृपया सभ्य भाषा वापरावी, आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.

दुसरी तक्रार मग मी माझ्या अकलेनं लिहिली आणि तिथंच माती खाल्ली. मला वाटलं, सरकारी अर्जासारखी छान लिहावी. "महोदय, आपला मिक्सर परत पाठवला. पैसे परत आले नाहीत. तरी त्वरित परत पाठवणे, ही नम्र विनंती." वाचून दाखवलं तर आक्कालाही आवडलं. लई साहेबी झालं म्हणाली. तक्रार बंद होती म्हणून ही दुसऱ्या ठिकाणी, त्यांच्या ईमेलवर पाठवली.

सहाव्या दिवशी दारात कुरिअरवाला. हातात तसलंच सीलबंद खोकं, वर त्याच मिक्सरचं चित्र.

मला काही कळेना. आक्का खोक्याकडं बघत उभी. दीर तर हसून हसून खाटेवर आडवे झाले. पैसे मागितले, मिक्सर आला, आता मिक्सर माग म्हंजे पैसे येतील, असं म्हणत ते उसाच्या फडाकडं निघून गेले. मला इतका संताप आला की ते खोकं उचलून रस्त्यावर टाकावं. पण आधी मी मोबाईलवर कंपनीचा आलेला मेल उघडला. कंपनी कुठल्या तरी दूरच्या राज्यातली, तिथं मराठी कुणाच्या बापाला येत असणार? त्यांनी माझं पत्र मशीनकडून इंग्रजीत करून घेतलेलं, ते खाली चिकटलेलं होतं. त्यात माझ्या प्रत्येक 'परत'चं 'अगेन' झालं होतं. मिक्सर पुन्हा पाठवला, पैसे पुन्हा आले नाहीत, तरी त्वरित पुन्हा पाठवणे. त्यांनी नम्र विनंती मान्य करून पुन्हा पाठवला होता. चूक त्यांची तरी कशी म्हणू? आपणच 'परत या' म्हणजे मागं फिरा आणि 'परत या' म्हणजे पुन्हा या, दोन्ही एकाच तोंडानं म्हणतो.

आक्कानं खोकं उघडू दिलं नाही. उघडलं म्हणजे घेतलं, असं तिचं म्हणणं. दाण्याच्या पोत्यांशेजारी ते बंदच पडून राहिलं आणि ती पुन्हा उखळाशी बसली, डाव्या हातानं. ते मात्र बघवत नव्हतं.

सोमवारी मीच तिच्याबरोबर बँकेत गेले. काउंटरवरच्या क्लार्कनं दोन्ही तक्रारी वाचल्या. पहिली वाचताना त्यानं तोंडापुढं रजिस्टर धरलं. मग म्हणाला, "बाई, पैसे मागू नका. नंबर मागा." कंपनीनं खरंच पैसे पाठवले असतील तर त्या व्यवहाराला बारा आकडी नंबर असतो. तो द्या, कोणत्या तारखेला पाठवले ते द्या, आणि कुठं पाठवले ते द्या, एवढंच विचारायचं. नंबर नसेल तर पाठवलेच नाहीत, आणि असेल तर पैसे कुठं तरी असणारच.

तिसरी तक्रार मी घरी येऊन लिहिली. आक्का शेजारी बसून होती, पण एक शब्द सांगितला नाही. ऑर्डर नंबर, पैसे भरल्याची तारीख, रक्कम, कुरिअरच्या पावतीचा नंबर. खाली तीन प्रश्न. आणि शेवटी एक ओळ, की दुसरा मिक्सर आम्ही मागितलेला नाही, तो सीलबंद आहे. 'परत' हा शब्द कुठंही येऊ दिला नाही. परत केलेला मिक्सर लिहायची वेळ आली तिथं 'तुमच्या माणसाने आमच्या घरून नेलेला मिक्सर' लिहिलं. भाषा रुक्ष झाली, इलाज नव्हता.

दोन दिवसांत उत्तर आलं, मराठीत आणि नीट. नेलेला मिक्सर कंपनीत पोचल्यावर सातव्याच दिवशी पैसे दिले आहेत. फॉर्ममधलं बँक खातं फक्त घरपोच रोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी वापरतात. आगाऊ भरलेले पैसे ज्या ठिकाणाहून आले तिथंच जातात. खाली बारा आकडी नंबर, आणि ज्या आयडीवर पैसे गेले तो आयडी. पुढं लिहिलं होतं की दुसरा मिक्सर आमच्या चुकीनं आला, ठेवायचा असेल तर पैसे भरा, नसेल तर माणूस पाठवतो.

आयडी म्हणजे एक मोबाईल नंबरच होता. आक्कानं माझ्या हातातून फोन घेतला आणि एकेक आकडा बोटानं वाचला. तो नंबर तिच्या चटणीच्या प्रत्येक पुडीवरच्या चिठ्ठीवर होता. दिरांचा.

म्हणजे दीड महिना, रोज जेवायला बसल्यावर, आले का तुझ्या मिक्सरचे पैसे असं विचारणाऱ्या माणसाच्या खिशातल्या फोनमध्ये पैसे आल्याचा मेसेज होता. मला वाटलं आता घरात भांडी उडणार. मी मनातून तयारही झाले होते. आक्कानं फोन माझ्या हातात ठेवला. मग म्हणाली, "आधी कंपनीला लिही. मी त्यास्नी चोर म्हनले हुते."

मी लिहिलं. चूक झाली, माफ करा, दुसरा मिक्सर ठेवतो, पैसे भरतो.

"आता चौथी लिही," ती म्हणाली. "ह्यास्नी."

दीर पडवीत बसून होते. आम्ही आत. मी त्यांच्याच फोनवर पाठवलं: महोदय, रक्कम चार हजार दोनशे, ती रोख आपल्या हाती दिल्याची तारीख अमुक, कंपनीकडून आपल्याकडे जमा झाल्याची तारीख अमुक, व्यवहाराचा बारा आकडी नंबर अमुक, सदर रक्कम तक्रारदाराच्या खात्यावर अद्याप जमा नाही, तरी खुलासा व्हावा. खाली आक्काचं नाव आणि खाते क्रमांक. बाहेर फोन वाजला. ते बोट फिरवत वाचतायत हे खिडकीतून दिसत होतं. दोनदा वाचलं त्यांनी.

मग आत आले. म्हणाले, "माज्या खात्यातून गेल्ते, माज्याच खात्यात आले. त्यात चोरी कसली? इचारलं असतं तर दिले असते." हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी धाकटी, मला बोलायला जागा नव्हती. त्यांनी खिशातून नोटा काढल्या आणि मोजायला लागले.

आक्का म्हणाली, "रोख घेनार न्हाई. खात्यात टाका. मला छापून पायजे."

त्यांनी टाकले. त्या सोमवारी आम्ही दोघी पुन्हा बँकेत गेलो. आमच्या घरात दुधाचा पगार दिरांच्या खात्यावर येतो, कांदा विकल्याची पट्टी त्यांच्या खात्यावर, उसाचं बिल त्यांच्याच. धारा आक्का काढते, कांदा आक्का निवडते. तिच्या पासबुकात चटणीवाल्या दुकानदाराखेरीज कुणाचंच नाव नव्हतं. क्लार्कनं पासबुक मशीनमध्ये घातलं, नवी ओळ छापून आली, आणि आनंदाची बातमी म्हणून त्यानं ती रांगेला ऐकू जाईल अशी वाचली. म्हणाला, घ्या बाई, आले. मालकांनी पाठवलेत की तुमच्या.

"व्हय," आक्का म्हणाली. "तीस वर्सांत पयल्यांदाच."

क्लार्क हसला. त्याला ती गंमत वाटली.