वाक्य कोणाचं?

संदेश माझ्यासाठी नव्हता, हे त्यातल्या ‘दे’वरूनच कळलं. एक परिच्छेद चिकटवलेला आणि खाली, ‘हे प्लॅजरिझम-फ्री करून दे.’ एम.ए.च्या मुलीने मला, तिच्या मार्गदर्शक बाईला, एकेरीत हुकूम सोडला होता. मोबाइलमधल्या लेखन-अॅपला पाठवायचं ते चुकून माझ्याकडे आलं. मी उत्तर दिलं, ‘उद्या अकराला विभागात ये. करून देते.’

आली. तोंड एवढंसं. मिरकरवाड्याची मुलगी, वडील होडीवर, आई मासे विकते. तिचा प्रबंधही कोळी बायकांच्या शब्दांवर. दोन दिवसांनी तो जमा करायचा होता, आणि मी सही केली नाही तर वर्ष गेलं असतं.

“नंतर अॅपलाही पाठवलंसच ना? त्याने काय दिलं ते वाच,” मी म्हटलं.

तिने वाचलं, “मादक पेयाच्या कालावधीत महासागर कर्तव्यावर उपस्थित असतो…”

आणि वाचता वाचता तिलाच हसू फुटलं. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस, भरती-ओहोटी दोन्ही मवाळ असतात ते. अॅपने तिला पेल्यात ओतलं होतं. मीही हसले, पण राग काही गेला नाही.

“हे तपासणीत जुळणार नाही, टक्के कमी येतील,” मी म्हटलं. “पण चोरी चोरीच राहील. शब्द बदलून चोर ओळखू येईनासा होतो, एवढंच. वाक्य जसंच्या तसं हवं असेल तर अवतरणचिन्हांत घाल, कोणाचं, कुठल्या पानावरचं ते लिही. नाहीतर कागद पालथा घाल आणि भांग म्हणजे काय ते मला सांग.”

तिने कागद पालथा घातला. “भांगात आई लवकर घरी येते. पाण्याला ओढ नाय, जाळ्यात काय गावतच नाय. बाबा म्हणतो, दर्या आलाय खरा, पण कामाला नाय.”

“हे लिही. आईबाबांना विचारून घे आणि मुलाखत म्हणून नोंद कर. बाबांचं बोलणं बाबांच्या नावावर, पण समुद्र कामचुकार असतो हा मुद्दा प्रबंधात तू त्या परिच्छेदावरून घेतलास. म्हणून शब्द तुझे असले तरी त्याचा संदर्भ द्यायचाच.”

तिने मान हलवली, पेन उघडलं. “मग कोणाचं नाव घालू? तुमच्याच नोट्स आहेत ना मॅडम?”

मी फोन उघडून तो परिच्छेद पुन्हा वाचला; माझ्याच नोट्समधला होता. मी रागावले होते ती त्या ‘दे’वर. परिच्छेद धड वाचलाच नव्हता.

शिकत असताना मी आणि माझी एक मैत्रीण सकाळच्या लिलावाला जेट्टीवर जायचो. मला माशांचा वास सोसायचा नाही. ती मात्र ओल्या फरशीवर बसून बायकांशी तासन् तास बोलायची आणि वहीत लिहायची. ‘भांगाच्या दिवसांत समुद्र कामावर येतो, पण मन लावून काम करत नाही,’ हे तिने तिथेच लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मला हेवा वाटला. पुढे लग्न होऊन ती नागपूरला गेली, संशोधन राहून गेलं, वही माझ्याकडे ठेवून गेली. मी नोकरीला लागले तेव्हा नोट्समध्ये ते वाक्य घेतलं. ‘कामावर हजर असतो, पण कामात त्याचे मन नसते.’ अॅप नव्हतं तेव्हा. मी ते हाताने केलं.

फोनवर ती नेहमी विचारायची, “समुद्र कसा आहे गं?” मी “आहे तसाच” म्हणायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. ती वारली तेव्हाही सांगायचं राहिलेलंच होतं. आजही उधाणाचा आवाज आला की हात फोनकडे जातो. मला तिची फार आठवण येते.

मी कपाट उघडून वही काढली. मुलीला मैत्रिणीचं मूळ वाक्य दाखवलं, मग माझ्या नोट्समधलं. तिने दोन्ही वाक्यांखालून बोट फिरवलं.

“असं लिही,” मी म्हटलं. “आधी आडनाव, मग नाव. अप्रकाशित हस्तलिखित. पान सतरा.”

“आडनाव काय लावू?”

मी मैत्रिणीचं माहेरचं सांगितलं, वहीवर होतं ते. किती वर्षांनी तिचं पूर्ण नाव माझ्या तोंडून निघालं.

मुलीने सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिलं. मग विचारलं, “आणि तुमचं, मॅडम? ते कुठे घालू?”

“कुठेच नको,” मी म्हटलं. “ते वाक्य माझं नाही.”