गळालेल्या एकतीस तारखा

आमच्या महाविद्यालयात ‘डिजिटल कार्यालय’ सुरू झालं, म्हणजे जुन्याच खोलीला नवा रंग दिला आणि दारावर पाटी लावली. संगणक तेच होते. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आले. फीत कापायची कात्री स्टीलच्या ताटात असणार होती, ताटावर रुमाल होता आणि रुमालाखाली कात्री नव्हती. ती शोधण्यात दहा मिनिटं गेली. मी तेव्हा मनात हसलो. पुढच्या दहा मिनिटांत माझंच प्रात्यक्षिक होतं, त्यामुळे उघड हसलो नाही.

मी या महाविद्यालयाचा मुख्य लिपिक. आर्वीत अशा माणसाला सगळे ‘बडे बाबू’ म्हणतात. त्या दिवशी मी अध्यक्षांना फिल सिरीज, म्हणजे तक्त्यात आकडे आपोआप भरून देणारी सोय, दाखवली. एका चौकटीत पाच लिहिलं, वरच्या फिलमधून सिरीज उघडलं, कॉलम निवडलं, स्टेप व्हॅल्यू पाच दिली, स्टॉप व्हॅल्यू शंभर. ओके दाबताच पाच, दहा, पंधरा असे आकडे रांगेनं खाली उतरले आणि शंभरावर थांबले. प्राचार्यांना राहवलं नाही. त्यांनी स्वतः करून पाहिलं, पण कॉलम निवडायचं विसरले, त्यामुळे त्यांचे आकडे खाली न येता उजवीकडे पळत पडद्याबाहेर गेले. अध्यक्ष म्हणाले, “अठ्ठ्याण्णव दिले तर?” मी दिले. पंचाण्णववर थांबले. “बघा,” मी म्हणालो, “थांबायचा आकडा बरोबर गाठता आला नाही तर तो ओलांडत नाही. अलीकडेच थांबतो.” वाक्य मला आवडलं. अध्यक्षांनाही आवडलं असावं, कारण भाषणात त्यांनी ते समाजाविषयी वापरलं.

मग मी तारखांचा खेळ केला. एकतीस जानेवारी लिहिली, प्रकार तारीख, एकक महिना, स्टेप एक, स्टॉप एकतीस डिसेंबर. अठ्ठावीस फेब्रुवारी, एकतीस मार्च, तीस एप्रिल, एकतीस मे. प्रत्येक महिन्याची अखेर नेमकी आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. इतरांच्या सत्कारांवर टीका करण्यात माझं आयुष्य गेलं आहे. स्वतःच्या टाळ्या मात्र मी मोजल्या.

या सगळ्याच्या वेळी मागे चहाचा ट्रे घेऊन एक बाई उभी होती. आंजीहून रोज एसटीनं येणारी, वाचनालय झाडणारी, पाणी भरणारी, फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेणारी. सहा वर्षं रोजंदारीवर. संस्थेनं त्या वर्षी ठरवलं होतं की एप्रिल ते मार्च या वर्षात ज्यांची हजेरी दोनशे चाळीस दिवस भरेल, त्यांना कायम करायचं. त्या बाईच्या दृष्टीनं डिजिटल कार्यालयाचा अर्थ एवढाच होता.

हजेरीचा तक्ता मी केला. प्रत्येकाचं एक पान, पानावर तो ज्या ज्या दिवशी आला त्या तारखा, मस्टरवरून उतरवलेल्या. बाजूला दोन रकाने, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. पासूनमध्ये एक एप्रिल लिहून महिन्याच्या पायरीनं खाली उतरलो. एक तारीख प्रत्येक महिन्याला असते, तिथे काही बिघडण्यासारखं नव्हतं. पर्यंतमध्ये वर्षाचा पहिला महिना एप्रिल, म्हणून तीस एप्रिल लिहिली. महिना, स्टेप एक, स्टॉप एकतीस मार्च. बारा ओळी आल्या. मग तारखा लांबलचक दिसतात म्हणून त्यांचं रूप बदललं. फक्त महिना आणि वर्ष दिसेल असं केलं. एप्रिल, मे, जून, खाली मार्चपर्यंत. देखणा तक्ता झाला. या तारखेपासून त्या तारखेपर्यंत किती हजेऱ्या, ते सूत्र मोजत होतं, आणि तळाशी बेरीज.

बाईची बेरीज दोनशे सदतीस आली.

एप्रिलमध्ये यादी सूचनाफलकावर लागली, तेव्हा ती माझ्या टेबलाशी आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत दोन कॅलेंडरं गुंडाळलेली.

“बडे बाबू, एक डाव पुन्हा मोजता का?”

“काय झालं?”

“माह्या कॅलेंडरवर दोनशे बेचाळीस भरून राह्यले. रोज घरी गेली का मी रेघ मारतो. चुलीमागं टांगलं हाये. हे मागच्या सालचं, एप्रिलपासून. अन् हे या सालचं.”

“बाई, मोजायचं काम आता माणूस करत नाही. कम्प्युटर करतो. तो चुकत नाही.”

“मंग पाच दिवस काऊन कमी भरले?”

“रेघ मारताना एखाद्या सुट्टीच्या दिवशी मारली असेल.”

“सुट्टीले मी आंजीहून कायले येईन, बाबू? तिकडं का कमी काम राह्यते?”

शेजारच्या टेबलावरचा लिपिक हसला. मीही हसलो. ती गुंडाळी मी सोडूनसुद्धा पाहिली नाही. मस्टर कपाटात होतं, कपाट माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होतं, आणि किल्ली माझ्याच खिशात होती. हे तीन तपशील मी अलीकडे वारंवार आठवतो.

त्या महिन्याच्या सभेत दोन बाया कायम झाल्या. एक वसतिगृहात काम करणारी, दुसरी प्रयोगशाळेत. दोघी तिच्यानंतर लागलेल्या. दोघींच्या बेरजा अडीचशेच्या बऱ्याच वर, काही दिवस गळाले तरी फरक न पडण्याइतक्या. तिला सांगितलं, पुढच्या वर्षी पाहू. ती “बरं” म्हणाली आणि पाण्याचा जग भरायला गेली.

जूनच्या शेवटी विद्यापीठाला वाचनालयाची माहिती पाठवायची होती. महिनाअखेरच्या तारखा माझ्याकडे तयार होत्याच. त्याच रकान्याची नक्कल केली. विद्यापीठाला पूर्ण तारीख हवी होती, म्हणून तारखांचं रूप परत दिवसासकट केलं.

३० एप्रिल. ३० मे. ३० जून. ३० जुलै.

मला आधी वाटलं, नक्कल करताना काहीतरी सांडलं. मूळ तक्ता उघडला. चौकटीवर टिचकी मारली की वरच्या पट्टीत खरी तारीख दिसते. तिथेही ३० मेच होती. ती एप्रिलपासून तिथे होती, कुणी टिचकी मारायची वाट पाहत. ३० ऑगस्ट, ३० ऑक्टोबर, ३० डिसेंबर, ३० जानेवारी. फेब्रुवारीत अठ्ठावीस, कारण तिथे तीस नसते. आणि शेवटी ३० मार्च. एकतीस मार्चचा थांबा त्याला गाठता आला नव्हता, ओलांडायचा नव्हता, म्हणून तो एक दिवस अलीकडे गुपचूप थांबला होता. अध्यक्षांना आवडलेल्या वाक्याप्रमाणेच.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. महिन्याची पायरी दिली की यंत्र सुरुवातीच्या तारखेतला दिवस धरून चालतं. एकतीसपासून सुरू केलं तर लहान महिन्यात शेवटचा दिवस घेतं आणि पुन्हा एकतीसवर येतं. तीसपासून सुरू केलं तर तीस धरून बसतं. त्याला वाटतं, या माणसाला तीस तारीख हवी आहे. जानेवारीपासून मोजणाऱ्याला ही अडचण कधी येत नाही. एप्रिलपासून वर्ष मोजणाऱ्या, आणि वर तारखेचा दिवस झाकून टाकणाऱ्या माणसालाच ती येते. मागची एकतीस मार्च लिहून सुरुवात करायची आणि पहिली चौकट मग पुसून टाकायची, एवढंच करायचं होतं. तसं केलं. बारा अखेरी जिथल्या तिथे आल्या.

वर्षात एकतीस तारखा सात. सातही तक्त्यातून गळाल्या होत्या. एक रविवार, एके दिवशी ती रजेवर. उरल्या पाच. बेरीज दोनशे बेचाळीस झाली. मग उठून कपाट उघडलं आणि मस्टर काढलं. पाचही तारखांना तिची सही होती. मोठ्या, सावकाश काढलेल्या अक्षरांत.

मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी तक्ता पाहिला, चष्मा काढला.

“आता सभा दिवाळीनंतर.”

“तोवर तिला पत्र द्यावं लागेल, सर. चूक झाल्याचं.”

“द्या ना. संगणकीय तांत्रिक त्रुटीमुळे, असं लिहा.”

“त्रुटी संगणकाची नाही, सर.”

“बाबू, माणसाची चूक लिहिली की माणूस कोण ते लिहावं लागतं. कशाला?”

मी तसंच लिहिलं. आयुष्यभर सरकारी भाषेची टिंगल केली. त्या दिवशी मला कळलं की ती कुणासाठी बनवली आहे. ‘निदर्शनास आले आहे’ असंही त्या पत्रात होतं. कुणाच्या, ते नव्हतं. वर प्राचार्यांनी कर्मचाऱ्यांच्या बैठकीत माझं कौतुक केलं, की जुन्या नोंदी तपासून एका गरीब बाईला न्याय मिळवून दिला. मी मान खाली घातली. ती नम्रता समजली गेली.

दिवाळीनंतरच्या सभेत ती कायम झाली. आदेशावर तारीख नोव्हेंबरची. त्यामुळे ज्येष्ठता यादीत ती त्या दोघींच्या खाली लागली, कामाला त्यांच्या आधी लागूनही. पुढे कधी एक जागा वरची निघाली तर ती आधी त्या दोघींपैकी एकीला मिळेल. ते दुरुस्त करण्याची सोय कोणत्याही फिलमध्ये नाही. मी विचारून पाहिलं. प्राचार्य म्हणाले, आदेश मागच्या तारखेनं निघत नाहीत.

आदेश मिळाला त्या दुपारी ती पेढे घेऊन आली. पुडा माझ्यासमोर उघडून धरला.

“घ्या, बडे बाबू. तुमच्यानंच झालं.”

मी पेढा उचलला नाही. शेजारचा लिपिक जेवायला गेला होता, एवढीच माझ्या धैर्याला मिळालेली सवलत.

“बाई, त्या पत्रात लिहिलं ते खरं नाही. चूक कम्प्युटरची नव्हती. माझी होती. तुमचं कॅलेंडर बरोबर होतं.”

तिनं पुडा खाली ठेवला नाही, मागेही घेतला नाही.

“मले माहीत हाये, बाबू.”

“कोणी सांगितलं?”

“तुम्हीच त सांगतलं होतं. कम्प्युटर चुकत नाई म्हणून.” तिनं पुडा आणखी पुढे केला. “मंग उरलं कोन? घ्या आता. चारच्या गाडीनं जायाचं हाये मले.”

मी पेढा घेतला. तिनं पुडा बांधला आणि प्रयोगशाळेकडे निघाली, यादीत तिच्या वर लागलेल्या बाईला पेढा द्यायला.