पत्र्यावरचं पाणी

बालीगंजच्या बंगाली मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले तेव्हा विज्ञान म्हणजे आरोग्य आणि स्वच्छता एवढंच होतं. भौतिकशास्त्र मुलांच्या शाळेत. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे बडदी म्हणत, त्यांचं मत ठाम होतं: मुलींना ते झेपणार नाही आणि लागणारही नाही. माझं डोकं तापायचं. मी वर्षभर त्यांचा पिच्छा पुरवला. शेवटी त्या कंटाळून म्हणाल्या, "शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टरसाहेब येणार आहेत. त्यांना एक धडा शिकवून दाखवा. ते हो म्हणाले तर वर्ग सुरू, नाही म्हणाले तर पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही."

मी मृगजळाचा धडा घेतला. पुस्तकात उंट आणि वाळवंट होतं. आमच्या मुलींनी उंट फक्त प्राणिसंग्रहालयात पाहिलेला. पण वैशाखात दुपारी फोर्ट विल्यमजवळच्या रस्त्यावरून बस जाते, तेव्हा पुढे डांबरावर पाणी साचलेलं दिसतं आणि जवळ गेलं की नाहीसं होतं, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. "डांबर चकाकतं, दिदिमणी," त्या मला म्हणायच्या; दिदिमणी म्हणजे बाई. डांबर चकाकत नाही, हे मला सिद्ध करायचं होतं.

एक लांबलचक लोखंडी पत्रा मिळवला. त्याची स्वतःची चकाकी जावी म्हणून वर बारीक वाळू पसरली. खाली ओळीने शेगड्या ठेवल्या; कोळसे अंगणात फुलवून, धूर गेल्यावरच आत आणायचे. पलीकडच्या टोकाला, उजेडाच्या खिडकीसमोर, मुलींनी रंगवलेलं निळं आकाश आणि ताडाचं झाड. अलीकडून डोळा पत्र्याच्या अगदी पातळीला आणून पाहिलं की झाडाखाली उलटं झाड दिसायचं, जणू तळ्याकाठी उभं आहे. उभं राहून पाहिलं तर काहीच नाही. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी एकटीच वर्गात ओरडले होते.

इन्स्पेक्टरसाहेब आले ते घामाघूम. मी फळ्यावर समजावलं: तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते, विरळ हवेत प्रकाश किंचित जास्त वेगाने जातो, म्हणून आकाशाकडून तिरपा खाली येणारा किरण जमिनीला टेकण्याआधीच वर वळतो आणि डोळ्यात शिरतो. डोळ्याला वळण कळत नाही. त्याला वाटतं किरण सरळ आला, म्हणून आकाशाचा तुकडा त्याला जमिनीवर दिसतो आणि आपण त्याला पाणी म्हणतो.

साहेबांनी वाकून पाहिलं. "झाड दिसतंय. एकच दिसतंय."

मी धावत गेले. खरंच एकच! कोळसे लाल होते, पत्रा तापलेला होता. मुली माझ्याकडे बघत होत्या आणि बडदी भिंतीवरच्या घड्याळाकडे. तेवढ्यात माझ्या मानेवर वारा लागला. साहेबांना उकडतंय म्हणून बडदींनी डोक्यावरचा पंखा भरधाव सोडला होता.

"पंखा बंद करा," मी म्हणाले.

"साहेबांना त्रास होईल," बडदी म्हणाल्या.

"होऊ दे. बंद करा."

बडदींनी बटण दाबलं. त्यांचा चेहरा मी पाहिलाच नाही. पंखा थांबला. साहेब पुन्हा वाकले आणि मग चक्क गुडघ्यांवर बसले.

"आलं," ते म्हणाले. मग लगेच, "पण हा लोखंडाचाच लखलखाट नसेल कशावरून?"

खरं सांगते, त्या क्षणी मला तो पंखा प्रिय झाला. "बडदी, आता पुन्हा लावा," मी म्हणाले. पाती फिरली, गरम हवेचा थर विस्कटला, उलटं झाड थरथरलं आणि गेलं. "लोखंड अजून तिथेच आहे, साहेब. वाळूही आहे. उडाली ती फक्त हवा."

ते मोठ्याने हसले. पँटचे गुडघे झटकत त्यांनी बडदींना सांगितलं, "या वर्षीच वर्ग सुरू करा. आणि याच शिकवतील." मुलींनी बाकं बडवली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सगळे गेल्यावर मी शेगड्या उचलायला वळले. बडदी दारातच होत्या. आता कानउघाडणी होणार म्हणून मी कंबर कसली. त्यांनी स्वतः पंखा बंद केला, पदर खोचला आणि साठीच्या त्या बाई हात टेकून जमिनीवर बसल्या. बराच वेळ गाल पत्र्याच्या पातळीला धरून बघत राहिल्या.

"आमच्या वेळी," त्या न वळता म्हणाल्या, "मीही हे शिकायला मागितलं होतं. मला म्हणाले, तुला झेपणार नाही."

मी शेगड्या तशाच राहू दिल्या आणि त्यांच्या शेजारी बसले.