दुपारचे दोन आणि सवारीचा सोमवार

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तिथेही कॉम्प्युटर शिकतो, साहित्य नाही. आजवर मी लिहिलेलं कोणी नीट वाचलं असेल तर तो एका क्लिनिकचा अहवाल. त्याचीच ही गोष्ट आहे, म्हणून धीर करतो.

उज्जैनला फ्रीगंजमध्ये एका मराठी डॉक्टरांचं छोटं क्लिनिक आहे. तिथली अपॉइंटमेंटची सिस्टीम मी सांभाळतो. पेशंट मोबाइलवरून वेळ घेतात आणि रिसेप्शनच्या स्क्रीनवर दिवसाची यादी दिसते. रिसेप्शनवर दीदी बसतात. त्या जवळच्याच गल्लीतल्या, हिंदी बोलणाऱ्या, आणि नोकरीवर अजून कच्च्या होत्या. पक्कं करायचं की नाही ते डॉक्टर महिनाअखेरीस ठरवणार होते.

श्रावणातल्या सोमवारी महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, निघते. दुपारनंतर रस्ते बंद होतात, म्हणून क्लिनिकही दोनला बंद करायचं ठरलं. ही वेळ सिस्टीममध्ये टाकायला डॉक्टरांनी दीदींना सांगितलं. मी म्हटलं, "टाकून ठेवा, श्रावण लागायच्या आधी मी एकदा चालवून बघतो."

श्रावण कधी लागतो हे मी आईला विचारलं. आईने भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघितलं. "अजून पंधरा दिवस आहेत. तोवर वांगी खाऊन घे." मी निश्चिंत होऊन वांगी खाल्ली. जन्म उज्जैनचा, तरी माझ्या डोक्यात आलं नाही की आमच्या कॅलेंडरचा श्रावण पंधरा दिवस मागून येतो आणि गावाचा सावन त्याआधीच सुरू होतो. सवारी गावाप्रमाणे निघते, आमच्या स्वयंपाकघराप्रमाणे नाही.

पहिल्या सवारीच्या सोमवारी माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि मोबाइल बाहेर दप्तरात. बाहेर आलो तर इतके मिस्ड कॉल की मला वाटलं घरी काही झालं. सगळे दीदींचे होते; मी फोन लावला.

"भैया, सुबह से बंद बता रहा है! नाम ही नहीं दिख रहे किसी के!"

"राउटर बंद करून चालू केलं का?"

"तीन बार किया! कंपाउंडर साहब ने तो अगरबत्ती भी लगा दी।"

मी निघालो, पण तोवर सवारीसाठी बॅरिकेड लागले होते. रिक्षावाल्याने मला मध्येच उतरवलं आणि म्हणाला, "अब बाबा निकलेंगे, फिर आप निकलना।" बाबांच्या पालखीसमोर माझ्या सिस्टीमला कोण विचारतो! ढोल, डमरू, फुलं, आणि गर्दीत दप्तर छातीशी धरून उलट्या दिशेला चालणारा मी. तासभर तर एकाच दुकानाच्या पायरीवर उभा होतो.

पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. डॉक्टर अजून बसून होते, कारण बाहेर पडायला रस्ताच नव्हता. सकाळी काय झालं ते दीदींनी सांगितलं. नवीन लोकांना मोबाइलवर 'क्लिनिक बंद आहे' दिसत होतं. ज्यांनी आधी वेळ घेतली होती ते आले, पण स्क्रीनवर त्यांची नावंच नव्हती. एकाच वेळेवर दोन आजोबांनी हक्क सांगितला. देवासहून आलेले आजोबा म्हणाले, "मी बस पकडून आलोय." दुसरे म्हणाले, "मग मी काय पोहत आलो?" शेवटी दीदींनी औषध कंपनीच्या पॅडची पानं फाडली, त्यावर नंबर लिहून वाटले आणि दुपारपर्यंत सगळ्यांना आत सोडलं.

चूक सापडायला मला दोन मिनिटं लागली. बंद व्हायची वेळ टाकायच्या चौकटीत २ लिहिलं होतं. ती चौकट चोवीस तासांची होती, तिला १४ हवे होते. त्यामुळे क्लिनिक दुपारी नाही, पहाटे दोनलाच बंद झालं होतं. आणि रिसेप्शनची यादी फक्त उघड्या वेळेतली नावं दाखवते, म्हणून तीही रिकामी. नावं आतमध्ये सुखरूप होती.

मी १४ टाकले. डॉक्टर खांद्यावरून बघत होते.

"अरे, अजून बंदच दाखवतंय!"

"सर, आता खरंच बंद आहे."

दीदी हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. "हे कुणामुळे झालं ते मला लिहून दे. नाव टाकून. एका पानात."

दीदींचं हसू मावळलं.

कॉलेजात आमच्या मॅडमनी शिकवलं होतं की सिस्टीम बिघडली की पोस्टमॉर्टम लिहायचं, आणि त्यात माणसाला पकडायचं नाही, ही चूक होऊ कशी शकली ते शोधायचं. हे मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना अडखळत सांगितलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "बाहेर पेशंट बसलेत. हा शब्द इथे मोठ्याने काढायचा नसतो."

जाताना दीदींनी थांबवलं. "भैया, मेरा नाम आएगा क्या उसमें? पक्की होने वाली थी मैं।"

मी म्हटलं, "बघतो."

घरी बसून सिस्टीमची नोंद उघडली. कोणी, कधी, काय बदललं ते त्यात आपोआप लिहिलं जातं. सवारीची वेळ टाकणाऱ्याच्या जागी डॉक्टरांचं नाव होतं. कच्च्या माणसाला स्वतःचं लॉगिन द्यायचं नाही हा डॉक्टरांचाच नियम, त्यामुळे दीदी रोज डॉक्टरांच्याच लॉगिनने काम करत होत्या.

मी बराच वेळ पेन चावत बसलो. मग जे होतं तेच लिहिलं. पहाटेचे दोन आणि दुपारचे दोन यांतला फरक चौकट विचारत नाही. नियम लागण्याआधी कोणते तास बंद होतील ते दाखवत नाही. तपासायचं मी ठरवलं होतं, पण चुकीच्या कॅलेंडरवर विसंबलो. उद्याच्या यादीचा कागद आदल्या संध्याकाळी छापून ठेवला असता तर आजोबांचं भांडण झालं नसतं. दिवस निभावला तो हाताने लिहिलेल्या नंबरांमुळे. आणि शेवटी, डॉक्टरांनी नाव मागितलं होतं म्हणून: "नोंदीप्रमाणे हा बदल डॉक्टरांच्या लॉगिनने झाला. सगळे एकच लॉगिन वापरत असल्याने प्रत्यक्ष कोणी केला हे सिस्टीम सांगू शकत नाही."

डॉक्टरांनी माझ्यासमोर वाचलं. शेवटच्या ओळीवर चष्मा वर केला.

"म्हणजे मी?"

"सर, म्हणजे... नोंदीप्रमाणे."

"आणि तुला माहीत आहे कोण ते."

"माहीत आहे, सर. तुम्हालाही आहे. पण त्या जागी मी असतो तरी दोनच टाकले असते. दुपारचे दोन आपण दोनच म्हणतो."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. बस्स.

मी चौकट बदलली. आता ती सकाळ की दुपार विचारते आणि बंद होणारे तास आधी दाखवते. दीदी रोज संध्याकाळी यादी छापू लागल्या, पण माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. महिना संपत आला, डॉक्टर काही बोलेनात. तोवर आमच्या घरातही श्रावण लागला होता आणि वांगी बंद झाली होती.

मग एका सकाळी, मी कॉलेजच्या बसमध्ये उभा असताना, डॉक्टरांचा मेसेज आला:

"आज दीदींचं वेगळं लॉगिन बनव. त्यांच्या नावाने. आणि माझा पासवर्ड बदल, तो सगळ्यांना पाठ झालाय."