शेवटच्या ओळीचा रकाना

बोटीवर वीस दिवसांच्या फेरीला तीस दिवसांचा शिधा भरायचा असतो. वादळ येतं, बंदरात जागा मिळत नाही, बोट बाहेर ताटकळत राहते आणि पोटं काही थांबत नाहीत. मालवाहू बोटींवर शिधाखोली सांभाळण्यात माझी बावीस वर्षं गेली आणि या नियमात मी कधी कसूर केली नाही. नव्या पोरांना शिव्या घालून तो शिकवलासुद्धा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, असं कुणालाही वाटेल.

साखर वाढली आणि मी मेडिकलमध्ये नापास झालो. बोट संपली. रत्नागिरीत घरी बसून महिनाभर बायकोच्या स्वयंपाकघरातले डबे ओळीने लावून पाहिले. शेवटी तीच म्हणाली, "अहो, एवढी हौस आहे तर किराणा मालाचं दुकान तरी काढा." तिने पाटल्या मोडल्या, माझी साठवण त्यात घातली आणि आठ लाख चाळीस हजार उभे राहिले. त्यापलीकडे आमच्याकडे काही नव्हतं. दुकान बुडालं तर पुन्हा बोटीवर जायची सोय नव्हती.

गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, शहर संपता संपता एक गाळा मिळाला. आधीचं दुकान बंद पडलेलं. रॅक, काउंटर, थंड पेयांचा फ्रिज, वजनकाटा, सगळं जागच्या जागी. मालक म्हणाला, "आहे तसं उचला, एक चाळीसमध्ये." नवं घ्यायचं तर दुप्पट लागलं असतं. मी उचललं.

मग मी यादी केली. यादी करताना मला जे सुख होतं ते बायकोला कधी समजलं नाही. एका बाजूला बाबी, मध्ये अंदाज, शेवटी प्रत्यक्ष खर्च. गाळ्याची अनामत एक लाख. सामान एक चाळीस. रंग आणि वायरिंग चाळीस हजार. बोर्ड पंधरा. परवाने दहा: गुमास्त्याची नोंद, खाद्यपदार्थांची नोंदणी, जीएसटी, काट्याची वजनमापे खात्याकडून तपासणी. बिलाचं मशीन आणि काट्याची दुरुस्ती पस्तीस. पहिला माल साडेतीन लाख. आणि सगळ्यात खाली, गणपतीच्या मालासाठी राखीव, दीड लाख.

ती खालची ओळ महत्त्वाची. आपल्याकडे मे महिन्यात मुंबईकर घरी असतात, गल्ला हसतो. मृग लागला की रस्त्यावर चिटपाखरू नसतं. भाडं आणि विजेचं बिल मात्र पावसाला घाबरत नाहीत. तसे दोन अडीच महिने काढले की गणपती येतात, आणि वर्षाची खरी विक्री तेव्हाच होते. पण त्यासाठी गूळ, रवा, तेल, तूप, नारळ, कापूर, सगळं आधी भरावं लागतं, आणि नव्या दुकानदाराला घाऊक व्यापारी तोंड ओळखून माल देत नाही. रोख मोजावी लागते.

हे मला पाठ होतं. तोंडपाठ.

गाळ्यात पहिल्या दिवसापासून मला बरं वाटत नव्हतं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हे, समुद्रात असताना वेळच नसतो. पण भिंतीवर आधीच्या माणसाचं खाद्य नोंदणीचं प्रमाणपत्र चौकटीत लटकत होतं. ते माझ्या कामाचं नव्हतं, नोंदणी माणसाच्या नावावर असते. मी ते काढलं, तर मागे भिंतीवर स्वच्छ चौकोन उरला. त्यावर दोनदा रंग मारला तरी दुपारच्या उन्हात तो दिसायचाच. काटा सुरू केला की रिकाम्या परातीवर वीस ग्रॅम दाखवायचा. पुन्हा शून्य करावं, पुन्हा हळूहळू वीस. परवानाधारक दुरुस्तीवाल्याने तो उघडून नीट केला, खात्याने तपासून नवा शिक्का मारला, तेव्हा कुठे तो शून्यावर उभा राहिला. तरीही परातीकडे बघताना मला तिथे काहीतरी ठेवल्यासारखं वाटत राहिलं.

आणि समोर तो उभा असायचा. आधीचा दुकानदार. किल्ल्या द्यायला आला तेव्हा एकदाच भेट झाली होती, माझ्याच वयाचा, खांदे पडलेला माणूस. रोज चारच्या सुमारास रस्त्यापलीकडे एसटीच्या थांब्यावर येऊन उभा राहायचा. एसटी येई, जाई, हा तिथेच. सुताराने काय केलं, रंगाऱ्याने काय केलं, सगळं बघायचा. आमच्या शटरच्या वर तर फार वेळ बघायचा.

"आला बघा," बायको म्हणायची. "बोलवा की आत. चहा तरी पाजा."

"नजर लावायला येतो आणि चहा पाजू?" मी खेकसायचो. खरं सांगायचं तर मला त्याची भीती वाटायची. ज्याचं दुकान बुडालं त्याच्याच काउंटरमागे मी उभा होतो, त्याच्याच ड्रॉवरात पैसे ठेवणार होतो.

त्या ड्रॉवरातला जुना कागद बदलताना ती सापडली. कागदाखाली घडी घातलेला एक ताव. दुकान उघडायची यादी, तीन रकाने, माझ्यासारखेच. बाबीही जवळजवळ त्याच. मी काउंटरवर पसरून वाचायला बसलो. वायरिंग वाढलेलं. बोर्ड वाढलेला. 'काचेचं दार' ही बाब मागाहून घुसडलेली, तिला अंदाजच नाही, फक्त खर्च. आणि तळाशी, 'गणपतीचा माल, राखीव'. अंदाजाच्या रकान्यात मोठी रक्कम. प्रत्यक्षच्या रकान्यात एक आडवी रेघ.

मी मोठ्याने हसलो. "बघ गं," बायकोला म्हटलं, "याने राखीव खाल्लं आणि बोर्डावर घातलं. अशा माणसाचं दुकान चालेल कसं?"

ती हसली नाही. तिने माझी यादी पिशवीतून काढली आणि त्या तावाशेजारी ठेवली. "वाचा," एवढंच म्हणाली.

माझ्या वायरिंगचे चाळीसचे बहात्तर झाले होते. फ्रिजचा कॉम्प्रेसर बसलेला निघाला, चौदा हजार. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर, एकोणीस. बोर्ड पंधराचा होता, पण रस्त्यावरून जाणाऱ्या पर्यटकांना दिसायला हवा म्हणून उजेडाच्या अक्षरांचा सांगितला, साठ हजार. आणि काचेचं दार, चाळीस. प्रत्येक खर्चाला कारण होतं, आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. वाढीव रकमांची बेरीज दीड लाख. बरोब्बर दीड लाख. माझ्या शेवटच्या ओळीत रेघ ओढायची तेवढी राहिली होती.

मला तिचाच राग आला. "माल गेला की पैसे येतील! मे महिना तोंडावर आहे!" असं ओरडलो. हेच वाक्य या काउंटरमागे आधी कुणीतरी बोललं असणार, असं वाटलं.

चार वाजले होते. तो समोर उभा होता. मी ताव उचलला आणि रस्ता ओलांडला.

"ही तुमची यादी," मी म्हटलं. "राहिली होती."

त्याने हातात घेतली नाही. नुसती पाहिली. "ही माझी नाय वो," तो म्हणाला. "माझ्या आधी एक होता त्या गाळ्यात. त्याची हाय. मना पण त्या ड्रॉवरातच गावली."

"मग तुम्ही वाचली होती?"

"वाचली म्हणजे? तिच्यावरनंच तर मी माझी केली. परवान्याचं सगळं बराबर लिहिलंय त्याने." त्याने तावाच्या तळाशी बोट ठेवलं. "शेवटची ओळ बघून हसलो. म्हटलं, ह्याला जमलं नाय, मला जमंल."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"श्रावणात माझ्याकडे भाड्याला पैसे नव्हते," तो म्हणाला. "गणपतीला आठ दिवस होते तेव्हा शटर ओढलं. लोक येऊन विचारत होते, गूळ हाय काय? रॅक रिकामे. बोर्ड मात्र रोज पेटत होता."

"रोज इथे का उभे राहता?"

त्याने हनुवटीने आमच्या शटरच्या वर दाखवलं. तिथे भिंतीत गंजलेले बोल्ट होते, चार एका रांगेत आणि त्याखाली आणखी चार. मी ते रोज बघत होतो. ते दोन बोर्डांचे आहेत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुमचा चढतोय काय, ता बघायला," तो म्हणाला.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण ज्याने केली त्याने आमचा गाळा पाहिला नव्हता. मी परत आलो आणि बोर्डवाल्याला फोन केला. अक्षरं कापायची होती अजून. त्याने माझे दहा हजार आगाऊ परत दिले नाहीत, वर चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. सहा हजारांत पत्र्यावर नाव रंगवून घेतलं. काचेच्या दाराला नाही म्हटलं. हातात चौऱ्याऐंशी हजार आले. बायकोने ते वेगळ्या खात्यात टाकले आणि पासबुक स्वतःकडे ठेवलं. माझ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता आणि ते बरोबरच होतं.

अक्षय्य तृतीयेला दुकान उघडलं. मे छान गेला. आषाढात एका दिवशी फक्त एक काडेपेटी आणि पावशेर कांदे विकले गेले. मी दोनदा बायकोकडे पासबुक मागितलं. एकदा हात जोडून मागितलं. तिने दिलं नाही. भाडं भरायला तिने स्वतःची भिशी मोडली, पण त्या ओळीला हात लावू दिला नाही. गणपतीआधी तीन आठवडे तिने पासबुक काउंटरवर ठेवलं, आणि आम्ही चौऱ्याऐंशी हजारांचा माल भरला. हरतालिकेच्या सकाळपर्यंत गूळ संपला होता. मी काउंटरखाली वाकून, कुणाला दिसणार नाही असा, रडलो.

त्याच दिवशी तो आला, पहिल्यांदाच दुकानात. रवा, कापूर, वाती घेतल्या. मी पुडी बांधत होतो तेव्हा त्याचा हात आपसूक काउंटरच्या डाव्या बाजूला गेला, पिशव्यांच्या खिळ्याकडे. तो खिळा मी केव्हाच काढला होता. हात तिथे हवेत क्षणभर थांबला. मग त्याने पैसे दिले आणि गेला. त्यानंतर थांब्यावर कधी दिसला नाही.

माझ्या यादीतल्या शेवटच्या ओळीसमोर मी चौऱ्याऐंशी हजार लिहिले. मग ती त्या जुन्या तावासोबत घडी केली आणि ड्रॉवरातल्या कागदाखाली ठेवली.

"असं अभद्र कशाला?" बायको म्हणाली. "आपलं तर चालतंय."

चालतंय. पण बोल्ट अजून भिंतीत आहेत, आणि प्रमाणपत्राच्या त्या चौकोनावर आता माझं प्रमाणपत्र आहे. चौकट थोडी लहान निघाली, कडेने जुना पांढरा पट्टा दिसतो. माझ्यानंतर इथे कोणीतरी येणारच. तो ड्रॉवर साफ करील, दोन याद्या काढील आणि वाचील. माझी आकडा भरलेली ओळ बघून तरी तो हसू नये.

बायको म्हणाली ते मी ऐकलं, आणि ड्रॉवर बंद केला.