भिलाची झोप आणि आमच्या आळीचे दिवे

भिला आमच्या ग्रामपंचायतीचा पाणीवाला. पहाटे चारला पंप चालू करायचा, टाकी भरली की बंद करायचा आणि मग आळीआळीत पाणी सोडायचं, हे त्याचं काम. बावीस वर्षं त्याने ते बिनचूक केलं आणि या वर्षी दीड महिन्यात टाकी दोनदा वाहू दिली. दुसऱ्या वेळी पाणी टाकीशेजारच्या मोहिनीच्या अंगणात शिरलं आणि तिचा चार पोती गहू भिजला. सरपंचाने नोटीस काढली. तिसऱ्यांदा असं झालं तर कामावरून कमी करू, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

नोटिशीचं उत्तर पुस्तकी मराठीत लिहावं लागतं, आणि गावात बोलतात ती अहिराणी. म्हणून असली कागदपत्रं माझ्याकडे येतात. मी शहाद्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून गावाचे अर्ज लिहिते. मला त्याचा कंटाळा येतो, पण नाही म्हणता येत नाही. भिलाची बायको मंगलाबाई नोटीस घेऊन आली आणि उंबऱ्यातच बसली.

"काय लिहू? पाणी का वाहिलं?"

"पंपघरमा बसल्या बसल्या त्याना डोया लागी गया, बाई."

"पिऊन होता का?"

"पिणारा ऱ्हाता तं मी आठे येती का?" ती म्हणाली. "घर त्याले झोप येस नही. होळीपासून."

मी म्हटलं, त्यालाच पाठव.

भिला आला. डोळ्यांखाली काळं आणि बोलताना मधेच थांबायचा, जणू पुढचा शब्द दुसऱ्या खोलीत ठेवलाय. होळीपासून पाऊस लागेपर्यंत आमच्याकडे सगळे अंगणात बाज टाकून झोपतात. घरात भट्टी पेटलेली असते. भिलाची बाज घरासमोरच्या दिव्याखाली. उसात बिबट्या दिसला म्हणून दिवाळीत पंचायतीने जुने पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले, तेही भिलानेच, शिडी लावून.

"रातभर डोयावर उजेड पडस," तो म्हणाला. "तोंडवर पंचा घेस तं जीव घाबरस. तो दयाळ पक्षी, तो बी दोन वाजता गावाले लागस."

"दयाळ दोन वाजता गातो?"

"निंबवर. त्याले वाटस सकाय व्हयनी."

मी दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठ वाजता त्याच्याबरोबर आळीत गेले. गुडघे दुखत होते, पण अर्जात काय लिहायचं ते आधी पाहायला हवं होतं. पहिल्या खांबाखाली उभी राहिले आणि वर पाहिलं. दिव्याचं तोंड जमिनीकडे नव्हतंच. ते टॉर्चसारखं वर, समोरच्या माळ्याकडे रोखलेलं होतं.

"असेच बसवले होते?"

भिलाने मान खाली घातली. बसवले तेव्हा सपाट होते. दोन दिवसांत आळी ओरडायला लागली की उजेड जवळच पडतो, लांब जात नाही, पैसे वाया गेले. तेव्हा त्याने शिडी लावून बारा दिव्यांच्या माना वर केल्या. गावाने शाबासकी दिली. उजेड खरोखर लांब गेला: भिंतींवर, खिडक्यांत, कडुलिंबाच्या शेंड्यात आणि आकाशात. रस्त्यावर मात्र पूर्वीपेक्षा कमी पडत होता.

"मीज वर करात," तो म्हणाला. "मन्हाज डोयामा पडनात."

मी त्याला डोळ्यांवर हात धरायला सांगितला, दिवा झाकला जाईल असा. मग त्याला दिव्यापलीकडची गटार दिसली आणि गटारीकाठी उभा असलेला दगा गुराखीही. हात काढला तर दोन्ही गायब. डोळ्यात थेट उजेड घुसला की बाहुली आकसते आणि पलीकडचा अंधार आणखी काळा होतो. बिबट्याच्या भीतीने लावलेला दिवा बिबट्याच लपवत होता. ऊस आमच्या आळीला लागूनच आहे, तेव्हा ही गंमत नव्हे.

खांबाखाली मेलेल्या किड्यांचा थर होता. फुलांवर जायचे ते पतंग रात्रभर दिव्याभोवती फिरून मरत होते. ते खायला बेडूक रस्त्यावर येत होते आणि मोटारसायकलीखाली चिरडले जात होते. नाल्यात जूनच्या सुरुवातीला काजवे चमकायचे, नर आणि मादी एकमेकांना त्यावरच शोधतात. गेल्या जूनमध्ये ते दिसले होते. या वर्षी जूनचा पहिला आठवडा उलटला तरी नाल्याच्या आळीकडच्या बाजूला एकही नव्हता, पलीकडच्या वळणावर थोडे होते. एका वर्षावरून मी शास्त्र सांगणार नाही. पण दयाळाचं आणि भिलाचं दुखणं एकच होतं. अंधार पडला की मेंदू झोपेचं रसायन सोडतो, आणि निळसर पांढरा उजेड ते अडवतो. मिटलेल्या पापणीतूनही थोडा आत जातोच.

हे सगळं मी अर्जात लिहिलं आणि ग्रामसभेत वाचलं. सरपंच नवनीत, माझ्याच एका विद्यार्थिनीचा मुलगा, हसला.

"आजी, उसामा बिबट्या फिरी ऱ्हायना, अन् तुम्ही गाव अंधारामा टाकाले निंघ्यात?"

"अंधार कोण म्हणतंय? दिव्याचं तोंड खाली कर म्हणतेय."

"मंग उजेड लांब जाणार नही."

"तुले लांब जाऊन काय पाहणं शे?" मागून रंजनाबाई म्हणाली. बायकांत हशा झाला. "माले पायखाली उजेड जोयजे. तोंडवर नको."

तासभर वाद झाला. मला दर वेळी तेच तेच सांगावं लागतं, तो थकवा वयाचा नाही. शेवटी महिनाभर करून पाहू असं ठरलं. बाराही दिव्यांच्या माना सपाट करायच्या, घराच्या बाजूला पत्र्याची झापड लावायची. रात्री अकरा ते चार एक सोडून एक दिवा टायमरने बंद. शौचालयाची वाट, चौक आणि उसाकडचं वळण तेवढं चालूच. पिवळसर दिवे मी मागितले, ते मिळाले नाहीत. हे जळाले की बघू म्हणाले. देवळावरचा मोठा दिवाही तसाच राहिला, कारण देणगीदारांची पाटी त्याच्यासमोर आहे.

झापडा भिलाने तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून केल्या. दोन दिवस उन्हात शिडीवर होता. तिसऱ्या रात्री म्हणे दहाला झोपला तो थेट मंगलाबाईने साडेतीनला हलवल्यावरच उठला.

महिना गेला. टाकी वाहिली नाही. दयाळ पहाटे पाचच्या आसपास बोलतो असं दगा सांगतो. काजव्यांचं मी पुढल्या वर्षी बोलेन. नोटीस मात्र नवनीतने परत घेतली नाही, फाईलला लावून ठेवली. म्हणजे भिलाच्या डोक्यावर ती आहेच.

परवा मी पंचायतीत होते. नवनीतने भिलाला बोलावलं आणि हळूच सांगितलं की माझ्या फाटकासमोरच्या दिव्याची मान जराशी वर कर, पाहुणे येणार आहेत, अंगण लखलखीत दिसायला हवं.

त्या दिव्याच्या पलीकडे भिलाचं घर.

"शिडी मोडी गई, भाऊ," तो म्हणाला.

शिडी पंचायतीच्या भिंतीला टेकून उभी होती, खिडकीतून दिसत होती. नवनीतने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माझे कागद चाळत राहिले.

"कधी दुरुस्त होईल?" त्याने विचारलं.

"आते पाऊस शे," भिला म्हणाला आणि पाणी सोडायची वेळ झाली म्हणून निघून गेला.