मातृसेवेचा अर्धा तास

मातृसेवेइतकी पवित्र गोष्ट या जगात दुसरी नाही. मी ती आयुष्यात एकूण अर्धा तास केली आणि आई मरता मरता वाचली.

आम्ही तेव्हा घाटकोपरला दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. मे महिन्याच्या शेवटी मी आईला सावंतवाडीहून एसटीने घेऊन आलो. पंधरा-सोळा तासांचा प्रवास. ती खिडकीशी, पायांखाली तांदळाची पिशवी आणि दोन फणस, त्यामुळे गुडघे जवळजवळ हनुवटीला. वाटेत उतरायला लागू नये म्हणून ती पाणीही प्यायली नाही. महाडला गाडी थांबली तेव्हा मी चहाला उतरलो. ती म्हणाली, "माकाय जरा उतरव रे, पाय आखडले." मी म्हटलं, "आता कुठे सगळं सामान हलवतेस? घरी गेल्यावर पाय चेपून देतो." बोलून मी चहा प्यायलो. दोन कप.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची डावी पोटरी दुखायला लागली. पाय टेकवेना. आई गावाहून आली की शेजारच्या बायका भेटायला यायच्याच; त्या दिवशी तिघी होत्या. त्यांच्यासमोर मला महाडचं वचन आठवलं. एरवी मी अशा गोष्टींची टिंगल करणारा माणूस. पण प्रेक्षक बसलेले असले की टिंगल करणाऱ्यांचंही काही खरं नसतं. मी खोबरेल तेल कोमट केलं, जमिनीवर मांडी घातली आणि आईचा पाय मांडीवर घेऊन पोटरी रगडू लागलो.

"असा मुलगा मिळायला नशीब लागतं हो," एक काकू म्हणाल्या.

मी आणखी जोरात रगडलं. आई कळवळली, तर तिला म्हटलं, "शीर मोकळी होतेय, जरा सोस."

बायको चहाचा ट्रे घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. "अहो, हा पाय बघा ना. तुकतुकीत दिसतोय. गरम पण लागतोय."

"प्रवासाची सूज आहे ती."

"दोन्ही पाय एसटीतच होते ना? मग सुजला एकच कसा?"

मी तिला रक्ताभिसरण समजावून सांगू लागलो. मी त्यावर एक लेख वाचला होता. बायकोने ट्रे ठेवला, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून आमच्या डॉक्टरांना घेऊन आली.

त्यांनी खिशातून टेप काढून दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजल्या. डावी साडेतीन सेंटिमीटर जास्त भरली. मग त्यांनी बोटाला लागलेलं तेल पाहिलं.

"मालीश कुणी केली?"

"यांनी," काकू कौतुकाने म्हणाल्या. "चांगला अर्धा तास."

डॉक्टर माझ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असणार. तासन्‌तास पाय दुमडून बसलं की होते. ती तिथे आहे तोवर पाय दुखतो. तिथून सुटली की थेट फुफ्फुसात जाते, आणि मग मला बोलवायला वेळ मिळत नाही. तुम्ही ती सोडवायचा प्रयत्न करत होता. आता यांना चालवू नका, पायाला हात लावू नका. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."

काकूंनी कपबशी खाली ठेवली.

आईला खुर्चीत बसवून चौघांनी दोन जिने उतरवलं. टॅक्सीत तिचा पाय सरळ राहावा म्हणून बायको पुढे बसली आणि मी मागच्या सीटखाली, पायांच्या जागेत. मला ती जागा योग्य वाटली. "दम लागतोय का? छातीत दुखतंय?" मी दर सिग्नलला विचारत होतो. शेवटी आई म्हणाली, "तू गप रवलंस तर बरा वाटात."

हॉस्पिटलात रक्त पातळ करायचं औषध शिरेतून सुरू झालं. पाय उंचावर, अंथरुणातून उठायचं नाही. पुढचे आठ-दहा दिवस मी तिच्या खाटेशेजारी बसून तिचा श्वास ऐकत होतो. ती खोकली की मी ताडकन उठायचो. पाय रगडणारे ते हात कुठे ठेवावेत हेच कळत नसे. मी ते बहुतेक वेळ खिशात ठेवले.

गाठ सुटली नाही. आई घरी आली, पुढे काही महिने गोळ्या आणि वरचेवर रक्ताची तपासणी. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची की डॉक्टरांनी औषध दिलं ते खरं, पण मुळात तिच्या मुलाने वेळेवर पाय रगडला म्हणून ती वाचली. मी समोरच बसलेला असायचो.

मी कधी दुरुस्ती केली नाही.